बाळंतपणानंतरचे जाणे आणि पहिली खरी पाळी

बाळंतपणानंतर पाच-सहा आठवडे होतात, अंगावरून जाणे थांबले असे वाटू लागते आणि एक दिवस पुन्हा लाल दिसते. अशा वेळी घरातून दोनपैकी एक उत्तर मिळते. कुणी म्हणते, पाळी सुरू झाली. कुणी म्हणते, पोटात उरलेसुरले असेल ते जाऊ दे बाहेर. दोन्ही उत्तरे रंग पाहून दिलेली असतात, आणि नुसत्या रंगावरून हा प्रश्न सुटत नाही. बाळंतिणीचा स्राव आणि पाळी दोन्ही गर्भाशयातूनच येतात, दोन्हींत रक्त असते, दोन्हींच्या वेळी ओटीपोटात दुखू शकते. फरक त्यांच्या कारणात आहे. बाळंतिणीचा स्राव, ज्याला डॉक्टर लोकिया म्हणतात, तो एका भरत चाललेल्या जखमेतून येतो. पाळी हा बीजकोशात सुरू झालेल्या एका चक्राचा शेवट असतो. जखमेचा स्राव दिवसागणिक कमी आणि फिका होत जातो. पाळीला सुरुवात असते, भर असतो, शेवट असतो, आणि ती काही आठवड्यांनी परत येते. म्हणून आज काय दिसले यापेक्षा गेल्या काही आठवड्यांत स्राव कोणत्या दिशेने जात होता, मध्ये किती दिवस कोरडे गेले आणि बाळ कोणते दूध पिते आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. त्या पाहूनही काही वेळा पक्के उत्तर मिळत नाही. पण तेव्हा काय करायचे, हे मात्र ठरवता येते.

आधी जखम समजून घेऊ. बाळानंतर वार सुटून बाहेर पडते, तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर तळहाताएवढी उघडी जागा राहते. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तिथे तुटलेल्या असतात. त्यांतून वाहणारे रक्त मुख्यतः गर्भाशयाच्या स्नायूमुळे थांबते: स्नायूचे एकमेकांत गुंफलेले तंतू आवळले जातात आणि मधून जाणाऱ्या वाहिन्या दाबून बंद करतात. बाळंतपणानंतर लगेच पोट चाचपले तर बेंबीच्या आसपास गर्भाशय घट्ट गोळ्यासारखे लागते, ते याचमुळे. त्या वेळी त्याचे वजन सुमारे १ किलो असते. आठवड्याभरात ते अर्धा किलोवर येते, दोन आठवड्यांनी साधारण ३०० ग्रॅम होते आणि गर्भाशय ओटीपोटाच्या हाडामागे उतरून पोटावरून हाताला लागेनासे होते. महिन्याभरात ते १०० ग्रॅमच्या आसपास पोचते. पण आकार लहान होणे आणि आतली जागा भरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारेची जागा सोडून बाकीचे अस्तर तळाशी उरलेल्या ग्रंथींपासून दोन-तीन आठवड्यांत नव्याने तयार होते. वारेची जागा भरायला मात्र सुमारे सहा आठवडे लागतात.

ही जागा कशी भरते, याचा सविस्तर अभ्यास अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ जे. व्हिट्रिज विल्यम्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला. त्वचेवरची खोल जखम भरताना वण राहतो. इथे तसे होत नाही. कडेचे निरोगी अस्तर जुन्या थराच्या खालून आत सरकत जाते, तळातल्या ग्रंथींमधूनही नवे अस्तर उगवते, आणि गोठलेल्या रक्तवाहिन्यांसह वरचा मृत थर हळूहळू सुटून बाहेर पडतो. वण राहिला असता तर प्रत्येक बाळंतपणात गर्भाशयाची तळहाताएवढी जागा पुढच्या गर्भासाठी कायमची निकामी झाली असती. आठवडेच्या आठवडे चालणारे जाणे ही या वण न ठेवणाऱ्या दुरुस्तीची किंमत आहे. त्यात रक्त असते, गर्भारपणात जाड झालेल्या अस्तराचे तुकडे असतात, पांढऱ्या पेशी आणि चिकट स्राव असतो. ‘पोटातली घाण’ हे त्याचे नाव आपल्याकडे रूढ आहे. पुढे एका घातक गैरसमजाचे मूळ या नावातच सापडते, त्याकडे नंतर येऊ.

ही दुरुस्ती जशी पुढे सरकते तसा रंग बदलतो. पहिले तीन-चार दिवस स्राव लाल असतो, पाळीपेक्षा जास्त असतो आणि त्यात छोट्या गुठळ्या असतात. मग तो गुलाबी, तपकिरी आणि पातळ होतो, कारण त्यात ताजे रक्त कमी आणि पाझरलेले पाणी जास्त असते. शेवटी पिवळसर पांढरा होतो आणि थांबतो. एकूण स्राव साधारण पाव ते अर्धा लिटर भरतो, पण त्यातला मोठा वाटा पहिल्या काही दिवसांतच जातो. तपकिरी स्राव दहाव्या दिवसापर्यंत संपतो असे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. बायकांनी स्वतः रोज लिहून ठेवलेल्या नोंदी तपासल्या तेव्हा तो कित्येकींना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंतही दिसतो असे आढळले. सिझेरियन झालेल्या बाईला सुरुवातीला थोडे कमी जाते, कारण शस्त्रक्रियेतच गर्भाशय आतून पुसून घेतलेले असते. मात्र तिचे जाणे त्यामुळे लवकर संपेल असे समजू नये. वारेची जागा तिलाही तेवढीच भरून काढायची असते.

मग नेमके किती दिवस? जागतिक आरोग्य संघटनेने अंगावर पाजणाऱ्या बायकांचा एक मोठा अभ्यास केला होता. भारतासह सात देशांतल्या ४ हजारांहून अधिक बायकांनी त्यात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची नोंद ठेवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार निम्म्या बायकांचे जाणे २७ दिवसांच्या आत थांबले, उरलेल्या निम्म्यांचे त्यानंतर. वेगवेगळ्या केंद्रांवर हा मधला आकडा २२ ते ३४ दिवसांच्या दरम्यान होता. सुमारे ११ टक्के बायकांना ४० दिवसांनंतरही जात होते. फिलिपाइन्सची राजधानी मनिला इथे झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही मधला आकडा २७ दिवसच आला, आणि वय, आधीची बाळंतपणे किंवा दिवसातून किती वेळा पाजले यांमुळे त्यात फरक पडलेला दिसला नाही. आपल्याकडचा सव्वा महिन्याचा हिशेब या आकड्यांच्या जवळ जातो, आणि तेवढे दिवस बाळंतिणीला विश्रांती मिळावी यात शहाणपण आहेच. पण सव्वा महिना ही स्राव थांबण्याची मुदत मानली की दोन चुका होतात. बाविसाव्या दिवशी कोरडी झालेली बाई उगाच काळजी करते की आत काही अडकले तर नाही ना. पंचेचाळिसाव्या दिवशीही पिवळसर ओल दिसणाऱ्या बाईला वाटते की आपल्यालाच काही रोग झाला आहे. दोघींचेही नेहमीच्या मर्यादेत आहे. स्राव घटत असेल, त्याला दुर्गंधी नसेल आणि ताप नसेल, तर सहा आठवडे आणि क्वचित आठ आठवड्यांपर्यंतचे जाणे हे भरून येण्याचाच भाग आहे.

यावर रास्त शंका अशी की जाणे खरोखर असे सरळ घटते का? ज्या बाईने चार दिवस लक्ष ठेवले आहे ती सांगेल की नाही. काल तपकिरी होते, आज सकाळी उठल्याबरोबर भसकन लाल गेले. हा अनुभव खरा आहे आणि त्याची कारणे ठाऊक आहेत. रात्रभर आडवे असताना स्राव योनिमार्गात साठतो आणि उभे राहताच एकदम बाहेर येतो. बाळाला अंगावर घेतले की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते, त्याने दूध उतरते आणि गर्भाशयही आवळते. म्हणून पाजताना कळ येते आणि पाठोपाठ थोडे जास्त जाते. पहिल्या काही दिवसांत, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात, या कळा चांगल्याच जाणवतात. जड काम किंवा जिन्याची चढउतार झाली तर फिका झालेला स्राव त्या दिवसापुरता लालसर होतो. सर्वांत जास्त घाबरवणारी वाढ दुसऱ्या आठवड्यात येते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान वारेच्या जागेवरची खपली सुटते, आणि एखाद-दोन तास ताजे लाल रक्त जाते. या वेळी पाळी येणे शक्यच नाही, कारण इतक्या लवकर बीज पिकत नाही. या सगळ्या वाढींत एक गोष्ट सारखी आहे. त्यांना काहीतरी निमित्त असते, त्या काही तासांत ओसरतात आणि स्राव पुन्हा आधीच्या फिक्या रंगावर येतो. रोजचा आलेख वरखाली होतो, पण आठवड्याचा आलेख उतरताच राहतो. पाळी अशी वागत नाही. ती पाजण्यावर किंवा उठण्याबसण्यावर अवलंबून नसते, तीन-चार दिवस आपल्या चालीने वाहते आणि मग थांबते.

आता दुसरे घड्याळ पाहू, बीजकोशाचे. गर्भारपणात ते थांबलेले असते. बाळ अंगावर पिते तेव्हा स्तनाग्रांवरून जाणाऱ्या संवेदनांमुळे मेंदूतून बीजकोशाला मिळणाऱ्या आज्ञा विस्कळीत राहतात आणि बीज पिकत नाही. बाळ जितक्या वेळा, विशेषतः रात्रीही, पिते तितका हा दाब टिकून राहतो. ज्या बाईने पाजलेच नाही किंवा लवकर थांबवले, तिचे बीजकोश लवकर जागे होतात. अशा बायकांवर झालेल्या अभ्यासांत पहिले बीज सरासरीने ४५व्या दिवसानंतर सुटताना आढळते, पण सर्वांत लवकरची नोंद २५व्या दिवसाची आहे. बीज सुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे: बीजकोश जखम भरण्याची वाट पाहत नाहीत. पिवळसर जाणे सुरू असतानाही न पाजणाऱ्या बाईचे पहिले बीज सुटू शकते. आणि पाळीच्या आधी बीज सुटते, म्हणून पहिली पाळी दिसण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. पाळी आली नाही म्हणजे धोका नाही, हा समज न पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत चुकीचा आहे. गर्भनिरोधाचा विचार तिने २१व्या दिवसापासूनच करायला हवा.

इथवर दोन घड्याळे वेगळी ठेवता आली. अडचण येते ती चाळिसाव्या दिवसाच्या आसपास. वर सांगितलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात जवळपास २० टक्के बायकांना त्या सुमारास एक वेगळा, थोड्या दिवसांचा रक्तस्राव झाला. सुमारे ११ टक्के बायकांना तर निदान १४ दिवस पूर्ण कोरडे गेल्यानंतर, पण ५६व्या दिवसाच्या आत, पुन्हा रक्त दिसले. या सगळ्या अंगावर पाजणाऱ्या होत्या. म्हणजे बाळंतपण आटोपता आटोपता येणारा हा रक्तस्राव अपवाद नाही, दर पाच बायकांत एकीला तो भेटतो. तो दिसायला अगदी पाळीसारखा असतो: मध्ये कोरडे दिवस, मग लाल, मग थांबणे. म्हणून निव्वळ कोरड्या दिवसांच्या खंडावरही पूर्ण विसंबता येत नाही. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे संशोधक जमले होते. पूर्ण अंगावर पाजणे, पाळी न येणे आणि बाळ सहा महिन्यांच्या आतले असणे, या तीन अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तर दिवस न जाण्याची खात्री ९८ टक्क्यांवर असते, असे त्यांनी मान्य केले. पाळी कशाला म्हणायचे हा प्रश्न तिथे आलाच, आणि त्याचे उत्तर दिवसांत दिले गेले: पूर्ण पाजणाऱ्या बाईला ५६व्या दिवसाच्या आत जे रक्त जाते ते पाळी धरायचे नाही. त्यानंतर सलग दोन दिवस रक्त गेले तर पाळी धरायची.

एक उदाहरण तारखांसह तपासू. समजा एक बाई १ जूनला बाळंत झाली, प्रसूती साधी होती. ४ जूनपर्यंत लाल गेले, तीन-चार तासांनी पॅड बदलावे लागत होते. ५ तारखेपासून गुलाबी-तपकिरी. १२ जूनला दुपारी अचानक लाल, संध्याकाळपर्यंत ओसरले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपकिरी. २४ जूनपर्यंत पिवळसर पांढरे. २९ जूनला कोरडे. ११ जुलैला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, पुन्हा लाल. ते तीन दिवस राहिले, ओटीपोटात थोडी ओढ होती. १२ जूनच्या लाल रंगाचे उत्तर सोपे आहे: अकरावा दिवस, काही तासांत ओसरले, म्हणजे खपली सुटली. ११ जुलैचे उत्तर मात्र बाळ काय पिते यावर ठरते. ही बाई दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि रात्रीही पाजत असेल, वरचे दूध किंवा पाणी देत नसेल, तर ती त्या पाचांतली एक आहे. २७ जुलैला ५६ दिवस भरतात, तोवर याला पाळी म्हणायचे कारण नाही. आता हीच बाई पहिल्या आठवड्यापासून बाळाला डब्याचे दूध देत असेल तर? ११ जुलैला पाळी आली असेल तर बीज साधारण २७ जूनला, म्हणजे २६व्या दिवशी सुटले असले पाहिजे. अशक्य नाही, पण माहीत असलेल्या सर्वांत लवकरच्या दिवसाच्या अगदी काठावर आहे. त्यामुळे हा रक्तस्राव पाळी नसण्याचीच शक्यता अधिक. हेच लाल २५ जुलैला दिसले असते तर मागे मोजत ११ जुलै, म्हणजे चाळिसावा दिवस आला असता, आणि न पाजणाऱ्या बाईत त्या दिवशी बीज सुटणे अगदी साधे आहे. एकाच बाईचा एकाच रंगाचा स्राव, पण बाळाच्या दुधावरून आणि दोन आठवडे मागे मोजल्यावर तीन वेगळे अर्थ निघाले. खरा निकाल पुढच्या महिन्यात लागतो. पाळी असेल तर ती पुन्हा येते. अंगावर पाजणाऱ्या बाईत सुरुवातीच्या पाळ्या अनियमित असतात, तेव्हा तिला एकाऐवजी दोन महिने वाट पाहावी लागू शकते.

कुणी म्हणेल, एवढा हिशेब कशासाठी? रक्त ते रक्त, नाव काहीही ठेवा. हे म्हणणे मला पटत नाही, कारण चुकीच्या नावाचे परिणाम सारखे नसतात. जखमेच्या रक्ताला पाळी म्हटले तर बाई आपल्याला दिवस जाऊ शकतात असे धरून गर्भनिरोधक वापरू लागते. त्यात नुकसान काही नाही. पाळीला जखमेचे रक्त म्हटले तर ती अजून सुरक्षित आहोत असे समजत राहते आणि दोन-तीन महिन्यांच्या बाळासह पुन्हा गर्भार होते. प्रकृतीच्या बाजूने पाहिले तर उलटे आहे. पाळीला जखमेचे रक्त समजून डॉक्टरकडे गेलेल्या बाईचा एक फेरा वाया जातो. पण आत अडकलेल्या वारेच्या तुकड्यामुळे होणाऱ्या रक्तस्रावाला ‘पाळी आली’ म्हणून घरी बसलेली बाई रक्तक्षयात जाते. म्हणून निश्चित सांगता येत नसेल तेव्हा गर्भनिरोधापुरते ते रक्त पाळीचे धरावे आणि तब्येतीपुरते जखमेचे. दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे देण्यात विसंगती नाही, कारण दोन्हींतल्या चुकीची किंमत वेगळी आहे.

तब्येतीच्या बाजूकडे आता वळू, कारण इथेच ‘घाण जाऊ दे’ हा समज जीवावर बेततो. जास्त जाते आहे म्हणजे पोट स्वच्छ होते आहे, असे मानून कित्येक घरांत जास्तीच्या रक्तस्रावाकडे समाधानाने पाहिले जाते. प्रत्यक्षात गर्भाशयात साफ करून काढायचे असे मापाबाहेर काही नसते. वाढत जाणारे रक्त बहुतेकदा एकाच गोष्टीकडे बोट दाखवते: वाहिन्या नीट दाबल्या गेलेल्या नाहीत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या २४ तासांनंतर ते १२ आठवड्यांपर्यंत होणाऱ्या अशा अति रक्तस्रावाची नेहमीची कारणे दोन. वारेचा किंवा तिच्या पडद्यांचा तुकडा आत राहिला तर गर्भाशय पूर्ण आवळू शकत नाही. आणि वारेच्या जागेला जंतुसंसर्ग झाला तर भरून येणे थांबते. बहुतेकदा दोन्ही एकत्र असतात, कारण राहिलेल्या तुकड्यावर जंतू वाढतात. क्वचित आधीपासूनचा रक्त गोठण्याचा दोष अशा वेळी पहिल्यांदा उघड होतो, आणि फारच क्वचित वारेच्या पेशींचा कर्करोग.

हे ओळखायचे कसे? मोठा पॅड तासाभरात पूर्ण भिजला आणि पुढच्या तासातही तसेच झाले, तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही. लिंबापेक्षा मोठ्या गुठळ्या पडणे, चक्कर येणे, छातीत धडधडणे, घाम सुटून हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही झाले तरी तेच. जाण्याला पाळीच्या रक्तासारखा वास असतो, तो नेहमीचा आहे. कुजका, नाकाला सहन न होणारा वास आणि त्याबरोबर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप किंवा ओटीपोट दाबल्यावर दुखणे हे संसर्गाचे लक्षण आहे. संसर्गात कधी जाणे एकदम कमी होते, कारण गर्भाशयाचे तोंड बंद होऊन स्राव आत साठतो. म्हणून ताप असताना ‘आता कमी झाले’ यावर समाधान मानू नये. दोन आठवड्यांनंतरही पोटावरून गर्भाशय हाताला लागत असेल, किंवा फिका झालेला स्राव दिवसेंदिवस लाल होत चालला असेल, तर आलेखाची दिशाच उलटी झाली आहे. घरात जुन्या सुती कापडाच्या घड्या वापरत असतील तर किती गेले हे कळत नाही, घडीची जाडी दर वेळी वेगळी असते. निदान पहिले दोन आठवडे एकाच मापाचे पॅड वापरावेत, म्हणजे कालच्याशी आजची तुलना करता येते.

दवाखान्यात गेल्यावर सोनोग्राफी होईल. तिच्याबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी. पहिल्या काही आठवड्यांत अगदी निरोगी बाळंतिणीच्या गर्भाशयातही रक्ताच्या गुठळ्या आणि पाणी दिसते. त्यामुळे ‘आत काहीतरी आहे’ एवढ्या अहवालावर लगेच पिशवी साफ करायची गरज नसते. रक्तस्राव किती आहे, ताप आहे का, गर्भाशय किती मोठे आहे, हे सगळे धरून निर्णय घ्यावा लागतो. बाळंतिणीचे गर्भाशय मऊ असते. अवजाराने ते फुटू शकते, आणि नुकत्याच उगवत्या अस्तरावर खरवडल्याने पुढे भिंती एकमेकींना चिकटून पाळी कमी होणे किंवा बंद होणे असेही घडते. रक्तस्राव जोरात असेल तेव्हा मात्र साफ करण्यात उशीर करू नये.

आठ आठवडे उलटल्यानंतरही सतत जात असेल तर ते आता जखमेचे जाणे मानता येत नाही, तपासणी हवीच. तिथे पहिली सोपी चाचणी म्हणजे लघवीची गर्भचाचणी. बाळंतपणानंतर गर्भारपणाचे संप्रेरक दोन ते चार आठवड्यांत अंगातून जाते. आठव्या आठवड्यात चाचणीत दोन रेघा दिसल्या तर नवा गर्भ राहिला असेल, किंवा वारेच्या पेशी आत शिल्लक असतील, आणि दोन्हींत डॉक्टरकडे जावेच लागते. मध्ये गर्भनिरोधक सुरू केले असेल तर वर सांगितलेला हिशेब बिघडतो. प्रसूतीनंतर लगेच बसवलेल्या तांबीमुळे काही महिने मधूनमधून रक्त दिसते. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या अंतरा इंजेक्शनने तर थेंबथेंब जाणे किंवा पाळी पूर्ण बंद होणे, दोन्ही होते. अशा बाईला पहिली पाळी कधी आली हे ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची गरजही उरत नाही, कारण गर्भनिरोध चालूच आहे. खरी पाळी सुरू झाली तरी पाजणे थांबवू नये, दूध खराब होत नाही. आणि एक उलटे लक्षण: बाळंतपणात खूप रक्त गेले होते, नंतर दूध आलेच नाही आणि महिनोन्‌महिने पाळीही नाही, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाली असण्याची शक्यता असते. पाजत नसताना पाळी न येणे ही आनंदाची बाब नाही.

आशाताईंच्या घरभेटी दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या असतात. पहिल्या पाच भेटींत जाण्याची दिशा नीट तपासता येते. शेवटची भेट मात्र नेमकी चाळिसाव्या दिवसाच्या गोंधळात पडते आणि ५६व्या दिवसाच्या दोन आठवडे आधी संपते. पाळीचा प्रश्न त्या दोन आठवड्यांतच उठतो, आणि तेव्हा घरी विचारायला कुणी नसते. म्हणून बेचाळिसाव्या दिवशीच्या भेटीत चार गोष्टी बोलून घ्याव्यात: शेवटचे लाल कधी दिसले, कोरडे दिवस किती गेले, बाळाला वरचे काही देता का, आणि पुढची सोय कोणती करायची. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसावर लाल, तपकिरी, पांढरे किंवा कोरडे एवढा एक शब्द लिहिलेला असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आठवायची गरज पडत नाही. पुढे डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तेच पान बरोबर न्यावे.